तिरक्या मानेवर चष्मा आणि टोपी बसवताना: आबांच्या फोटोचं काम पायरीपायरीने

माझ्याकडे जुन्या फोटोंची कामं येतात त्यात हे एक ठरलेलं असतं. माणूस गेलेला असतो, भिंतीवर लावायला एकच बरा फोटो सापडतो आणि नेमका त्यात चष्मा काढून ठेवलेला असतो. मग घरचे म्हणतात, दादा, चष्म्याशिवाय आबा ओळखूच येत नाहीत हो, तेवढा चढवा ना. आणि सोबत व्हॉट्सॲपवर चष्म्याचा फोटो येतो, टेबलावर ठेवून वरून काढलेला.

हे काम एडिटिंगचं कमी आणि बघण्याचं जास्त आहे. कापून चिकटवणं अर्ध्या तासात होतं, पण चष्मा चेहऱ्यावर "बसलेला" दिसत नाही, नुसता "लावलेला" दिसतो. का ते कळलं की पुढचं सोपं आहे, म्हणून एकाच फोटोचं काम सुरुवातीपासून सांगतो. मी फोटोशॉपमध्ये करतो, तुम्ही गिंपमध्ये केलंत तरी हिशोब तोच, आणि पेन्सिलने पोर्ट्रेट काढणाऱ्यांनाही पहिला अर्धा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

फोटो असा होता: 5 बाय 7 इंचाची रंगीत प्रिंट, थोडी पिवळी पडलेली, 600 डीपीआयला स्कॅन केली म्हणजे 3000 बाय 4200 पिक्सेल. आबा कमरेपर्यंत, चेहरा आपल्या उजवीकडे वळलेला, मान किंचित कललेली, हनुवटी थोडी खाली, नजर मात्र सरळ कॅमेऱ्यात. उजेड आपल्या डावीकडच्या खिडकीतून. चष्मा नाही, टोपीही नाही. आधी फक्त चष्मा हवा होता, टोपीचं फर्मान आजीकडून नंतर आलं.

आधी डोकं वाचायचं

मानेच्या हालचाली तीन असतात आणि त्या वेगवेगळ्या मोजायच्या, एकत्र केल्या की गोंधळ. एक म्हणजे कल, डोकं खांद्याकडे झुकणं. दुसरं वळण, डावी-उजवीकडे बघणं. तिसरं म्हणजे हनुवटी वर किंवा खाली.

कल सगळ्यात सोपा. दोन्ही बुबुळांच्या मधून एक रेघ, `Ruler Tool` घेऊन एका बुबुळापासून दुसऱ्यापर्यंत ओढायची, वरच्या पट्टीत कोन दिसतो. आबांचा 7 अंश निघाला. ओठांच्या दोन कोपऱ्यांवरूनही एकदा बघून घ्या, साधारण तेवढाच यायला हवा. बऱ्याच लोकांचा एक डोळा मुळातच जरा खाली असतो, आणि चष्मा डोळ्यांवर बसत नाही, तो नाकावर आणि कानांवर बसतो. दोन रेघांमध्ये फरक आला तर मी मधला कोन धरतो.

वळण मोजायला मोजपट्टी लागते, आणि ती मोजपट्टी फोटोतच असते: डोळ्यातलं काळं वर्तुळ, म्हणजे बुबुळ. मोठ्या माणसाचं बुबुळ आडवं साधारण 11.7 मिलिमीटर असतं, माणसामाणसांत फरक फार थोडा. शिवाय नजर कॅमेऱ्यात असेल तर मान कितीही वळलेली असो, बुबुळ गोलच दिसतं, आक्रसत नाही. आबांचं बुबुळ आडवं मोजलं (वरून पापणी झाकते म्हणून उभं मोजायचं नाही), 47 पिक्सेल भरलं. म्हणजे या फोटोत 1 मिलिमीटर म्हणजे 4 पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो.

आता दोन बुबुळांमधलं अंतर. या फोटोत 228 पिक्सेल. हे वळणामुळे आक्रसलेलं आहे, मूळ किती होतं? त्यासाठी आबांचा एक सरळ समोरून काढलेला, बिनचष्म्याचा पासपोर्ट फोटो मागवला. त्यात अंतराला बुबुळाने भागलं तर 5.37 आलं. आमच्या फोटोत 228 भागिले 47 म्हणजे 4.85. दोन्हीचं गुणोत्तर 0.90, आणि ज्या कोनाचा कोसाइन 0.90 असतो तो 25 अंश. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये मिळतं. पासपोर्ट फोटो नसेल तर मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर 63 मिलिमीटर धरून चालता येतं, पण ते माणसागणिक बरंच बदलतं, त्यामुळे उत्तर पाच-सात अंशांनी चुकू शकतं.

हनुवटीसाठी कान बघायचा. डोकं सरळ असलं की कानाचा वरचा टोक साधारण भुवईच्या रेघेत येतो. हनुवटी खाली गेली की कान वर चढतो, हनुवटी वर उचलली की कान खाली उतरतो. एकदा आरशासमोर करून बघा, विसरणार नाही. आबांचा कान भुवईच्या वर होता, अंदाजे 10 अंश हनुवटी खाली. इथे अंदाज चालतो, अगदी नेमकं मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

संदर्भाचा फोटो: इथेच काम जिंकलं किंवा हरलं जातं

टेबलावरच्या चष्म्याच्या फोटोवर मी आधी प्रयत्न केलाच, खोटं कशाला सांगू. `Skew` केलं, `Distort` केलं, समोरून बसल्यासारखा दिसलाही, पण काडीच नव्हती. समोरून किंवा वरून काढलेल्या फोटोत काडीची बाहेरची बाजू दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते ओढून ताणून कुठून आणणार? माझा अनुभव असा, संदर्भ आणि पोर्ट्रेट यांच्या वळणात 10 अंशांपर्यंत फरक असेल तर ओढाताण खपून जाते, त्यापुढे दुसरा फोटो शोधा नाहीतर नवीन काढा.

नवीन काढता येत असेल तर प्रश्नच मिटला. चष्मा घरात कपाटात होताच, नातू मुंबईहून आला होता, त्याला म्हटलं तूच घाल आणि बस. मग आबांचा कोन नातवाच्या डोक्याला कसा द्यायचा? कॅमेरा त्याच्या डोक्यापासून दीड मीटरवर, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग कॅमेऱ्याच्या शेजारी, फोटो काढणाऱ्याच्या उजव्या हाताला, 70 सेंटीमीटरवर एका खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवला, डोळ्यांच्या उंचीपेक्षा साधारण 30 सेंटीमीटर खाली. नातवाला सांगितलं, नाक त्या कागदाकडे कर आणि डोळ्यांनी माझ्याकडे बघ. झालं, 25 अंश वळण, 10 अंश हनुवटी खाली. मानेचा कल त्याला द्यायला सांगायचं नाही, तो नंतर फिरवता येतो, उगाच पोरगं अवघडून बसतं.

दीड मीटर का, तर अंतराचा परिणाम चष्म्यावर फार होतो. काडी 140 मिलिमीटर मागे जाते. 40 सेंटीमीटरवरून मोबाइलने जवळ जाऊन फोटो काढला तर काड्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर पुढच्या मानाने 74 टक्केच दिसतं, दीड मीटरवरून काढला तर 91 टक्के. जुने फोटो काढणारे चेहऱ्याला मोबाइल लावत नव्हते, त्यामुळे जवळून काढलेला चष्मा त्या चेहऱ्यावर नेहमी फुगल्यासारखा दिसतो, पुढून मोठा आणि मागे पळणारा. लांब उभं राहा आणि 2x झूम वापरा. उजेडही त्याच बाजूचा घ्या, आम्ही खिडकी नातवाच्या त्याच गालावर ठेवली.

आणखी एक फोटो त्याच जागेवरून, चष्मा काढून, घ्यायचा. का ते खाली सांगतो, मी पहिल्यांदा घेतला नव्हता आणि त्यात फसलो.

चष्मा कापणं

आबांची फ्रेम जाड तपकिरी प्लास्टिकची होती, म्हणजे नशीब. बारीक सोनेरी तारेची असती तर दुप्पट वेळ गेला असता. `Pen Tool` ने बाहेरून एक पाथ आणि प्रत्येक काचेच्या आतून एक पाथ. काचेतलं सगळं काढून टाकायचं, कारण काचेत नातवाचे डोळे आहेत. फक्त फ्रेम आणि दिसणारी काडी ठेवायची. काडी कानावरून मागे जाते तिथपर्यंत कापा, कमी कापू नका, जास्तीची नंतर मास्कने झाकता येते. `Layer Mask` वर काम करा, इरेझरने खोडलं की परत येत नाही.

काचेवरची चमक मी वेगळ्या लेयरवर काढून ठेवतो, तिची गोष्ट पुढे.

आकार: बुबुळाने माप, आणि माझी चूक

आकाराचा हिशोब साधा आहे. आबांचं बुबुळ 47 पिक्सेल, नातवाच्या फोटोत बुबुळ किती आहे ते बघायचं आणि त्या प्रमाणात चष्मा लहान करायचा. मी नातवाच्या चष्मा घातलेल्या फोटोतच बुबुळ मोजलं, 58 पिक्सेल आलं, म्हणून चष्मा 81 टक्के केला. बसवला, आणि फ्रेम मोठी. कशी मोठी ते सांगता येईना, पण आबा दुसऱ्याच कुणाचा मोठा चष्मा घालून बसल्यासारखे दिसत होते.

मग काडीच्या आतल्या बाजूचे आकडे बघितले. प्रत्येक फ्रेमवर असतात, आबांच्या काडीवर होतं 50□18 140. म्हणजे एक काच 50 मिलिमीटर रुंद, मधला पूल 18, काडी 140. दोन काचा आणि पूल मिळून 118, त्यात बाहेरच्या कडा आणि बिजागरीची टोकं धरून पट्टीने मोजली तर पूर्ण फ्रेम 136 भरली. आता 136 ला 25 अंशाच्या कोसाइनने गुणलं की 123 मिलिमीटर, आणि आपला 4 पिक्सेलचा हिशोब लावला की 490 च्या आसपास पिक्सेल. माझी फ्रेम 520 च्या वर गेली होती.

चूक कुठे, तर आबांचा नंबर मायनस 4 होता. मायनस काच मागची वस्तू लहान दाखवते, मायनस 4 ला साधारण 6 टक्के. मी काचेतून लहान दिसणारं बुबुळ मोजलं आणि फ्रेम त्या मानाने मोठी ठरवली. म्हणून तो बिनचष्म्याचा फोटो लागतो. दुसऱ्या दिवशी नातवाला परत बसवला, तोच सेटअप, चष्मा काढून बुबुळ 62 पिक्सेल निघालं. 47 भागिले 62, म्हणजे 76 टक्के, आणि फ्रेम बरोबर 490 ला येऊन बसली. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की मग पुढे जायचं.

जागेवर बसवणं

`Ctrl+T` करून वर कोनाच्या खान्यात 7 टाका (कोणत्या बाजूला ते बघून अधिक किंवा उणे), आणि आता चष्मा चेहऱ्यावर ओढा. इथे दहातले नऊ जण एकच चूक करतात: डोळा काचेच्या बरोब्बर मध्ये आणून ठेवतात. समोरून बघताना ते ठीक आहे, वळलेल्या डोक्यात चुकीचं. काच डोळ्याच्या पुढे 12-13 मिलिमीटरवर उभी असते. डोकं उजवीकडे वळलं की पुढची वस्तू मागच्या वस्तूपेक्षा उजवीकडे जास्त सरकते. 13 मिलिमीटरला 25 अंशाच्या साइनने गुणा, साडेपाच मिलिमीटर येतात, आपल्या फोटोत 22 पिक्सेल. म्हणजे सगळा चष्मा चेहरा वळलाय त्या बाजूला 22 पिक्सेल सरकलेला दिसायला हवा. जवळचा डोळा काचेत बिजागरीकडे झुकलेला दिसतो, पलीकडचा डोळा नाकाकडे. आणि पलीकडच्या काचेची बाहेरची कड गालाच्या रेषेला टेकते किंवा किंचित बाहेर जाते. हे 22 पिक्सेल दिले की चष्मा पहिल्यांदा चेहऱ्याच्या पुढे उभा राहतो. मला स्वतःला हे कळायला किती कामं फुकट गेली ते विचारू नका.

उंची कशी ठरवायची? आबांचा चष्मा घातलेला एक लग्नातला फोटो होता, चेहरा बोटाच्या पेराएवढा, पण त्यात एवढं दिसत होतं की फ्रेमची वरची कड भुवईच्या खालच्या केसांवर येते आणि पूल नाकावर जरा खाली घसरलेला. काही लोक चष्मा नाकावर खाली घालतात, ती त्यांची ओळख असते, ती घालवू नका.

नातवाच्या डोक्यावर कोन नीट जुळला असेल तर पलीकडची काच आपोआप अरुंद आलेली असते. अशा 25 अंशाच्या वळणात ती जवळच्या काचेपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी अरुंद दिसते, थोडं अंतरामुळे आणि थोडं फ्रेम स्वतःच चेहऱ्याभोवती वाकलेली असते म्हणून. दोन्ही काचा सारख्या रुंद दिसल्या तर समजा संदर्भ जास्त समोरून आला. तेव्हा `Ctrl+T` मध्ये राइट क्लिक करून `Warp`, आणि फक्त पलीकडची अर्धी बाजू आत दाबायची. पूर्ण फ्रेम आडवी दाबली तर जवळची काचही अंडाकृती होते आणि पूल चिमटतो.

काडीचं बघू. 140 ची काडी असली तरी बिजागरीपासून कानापर्यंतचा भाग 95 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि 25 अंशाच्या वळणात तो फोटोत जेमतेम 4 सेंटीमीटर दिसतो, म्हणजे आपल्याकडे 160 पिक्सेल. लोक याच्या दुप्पट लांब काडी काढतात आणि मग ती कानाच्या मागे कुठेतरी हवेत संपते. दुसरं, हनुवटी 10 अंश खाली असल्यामुळे काडी मागे जाता जाता वर चढते, 160 पिक्सेलमध्ये 65 पिक्सेल. डोळ्यांच्या रेघेला समांतर काडी ठेवली की चष्मा नाकावरून पुढे पडतोय असं वाटतं, आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही. आबांचा कान नातवापेक्षा जरा मोठा आणि मागे होता, म्हणून काडी बिजागरीपाशी निवडून वेगळ्या लेयरवर घेतली आणि बिजागरी हाच फिरण्याचा बिंदू ठेवून दोनेक अंश फिरवली. कानाचा वरचा वळसा काडीच्या वर यायला हवा, तेवढा भाग मास्कने मोकळा करा. कानशिलावरचे पांढरे केस काडीवरून दोन-चार आले तर फार छान दिसतं, बारीक ब्रशने मास्कवरच काढायचे.

काचेच्या आतलं

आता आबांचे डोळे मायनस 4 च्या काचेमागे आहेत, तर ते तसेच दिसायला हवेत. एक काच घ्या, तिच्यापेक्षा थोडा मोठा चेहऱ्याचा भाग निवडा, `Ctrl+J` ने वेगळा लेयर करा, `Ctrl+T` मध्ये काचेच्या मध्यावर केंद्र ठेवून 94 टक्के करा, आणि काचेच्या आतल्या आकाराचा मास्क लावा. दुसऱ्या काचेला पण तसंच. डोळा एवढासा लहान होतो की सांगितल्याशिवाय कळणार नाही, पण खरी गंमत पलीकडच्या काचेत आहे: तिथे गालाची-कानशिलाची बाह्यरेषा काचेच्या आत तुटून आतल्या बाजूला सरकते आणि रेषा नि फ्रेमच्या मध्ये पार्श्वभूमीची बारीक पट्टी दिसते. कानशील काचेपासून डोळ्यापेक्षा जास्त मागे असतं म्हणून ही रेषा डोळ्यापेक्षा जास्त सरकते, मी ती `Liquify` मध्ये आणखी चार-पाच पिक्सेल ढकलली. जाड चष्मा लावणाऱ्या कुणालाही तिरकं बघा, ही तुटलेली रेषा दिसेल. नंबर प्लसचा असेल तर उलटं, डोळे मोठे दिसतात आणि रेषा बाहेर जाते. बिननंबरी किंवा अर्ध्या नंबरचा चष्मा असेल तर ही पायरी सोडून द्या.

आबांच्या काचेत खाली जवळच्या नंबराची डी आकाराची चकती होती. नातवाच्या फोटोत तिची वरची रेघ एका काचेत दिसत होती, ती मी ठेवली, फार फिकी करून. आजीने फोटो बघताना आधी तीच ओळखली.

चमकेचा लेयर `Screen` मोडवर ठेवा आणि 30 टक्क्यांच्या वर सहसा नेऊ नका. डोळा झाकणारी चमक खरी असली तरी भिंतीवरच्या फोटोत नको असते.

सावली

सावली नसेल तर वरचं सगळं फुकट. फ्रेमचा लेयर डुप्लिकेट करून गडद रंगाने भरा, पण काळा नको. आबांच्या नाकाशेजारच्या सावलीतला तपकिरी रंग `Eyedropper` ने उचला. मोड `Multiply`, ऑपॅसिटी 30 च्या आसपास. उजेड डावीकडून वरून, म्हणून सावली उजवीकडे खाली. मात्र सगळी सावली सारखी सरकवायची नाही. जिथे पूल नाकाला टेकतो तिथे सावली फ्रेमला चिकटून, गडद आणि धारदार. जसजशी फ्रेम गालापासून लांब जाते तसतशी सावली लांब, फिकी आणि पसरट. मी दोन लेयर करतो, एक पुलापाशी 2 पिक्सेल ब्लरचा, दुसरा गालावर 7 पिक्सेल ब्लरचा, आणि `Warp` ने गालाच्या गोलाईवर वाकवतो. काडीचीही कानशिलावर बारीक सावली पडते, ती बहुतेक जण विसरतात.

शेवटी फ्रेमची धार. स्कॅनमधल्या आबांना दाणे आहेत, मोबाइलमधली फ्रेम ब्लेडसारखी. फ्रेमला `Gaussian Blur` 1 पिक्सेल आणि `Add Noise` 2-3 टक्के, `Monochromatic` वर टिक करून. 200 टक्क्यांवर झूम करून फ्रेम आणि भुवई शेजारी शेजारी बघा, दोन्हीचा दाणा सारखा दिसला की बास.

आणि मग टोपी

एवढं झाल्यावर आजी म्हणाल्या, ते ठीक आहे, पण टोपी कुठाय? नातवाला तिसऱ्यांदा बसवला, त्याच खुर्चीवर, त्याच कागदाकडे नाक करून, खादीची पांढरी टोपी घालून. माप तेच, 76 टक्के, कल तोच 7 अंश. टोपीत मोजमापापेक्षा कवटी कुठे आहे हे ओळखणं महत्त्वाचं.

टोपी केसांवर तरंगत नाही, कवटीवर बसते, केस दबतात. आबांचे केस शेवटपर्यंत दाट होते, कवटीच्या वर दीडेक सेंटीमीटर. पहिल्या झटक्यात मी टोपी केसांच्या वर ठेवली आणि डोकं उंच भोपळ्यासारखं दिसायला लागलं. कवटीचा माथा शोधायला जुना नियम चालतो: डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आबांच्या डोळ्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत 460 पिक्सेल, म्हणून डोळ्यापासून वर 460 वर माथा. डोक्याच्या कलाच्या रेघेवरून मोजायचं, सरळ उभं नाही. त्या खुणेच्या थोडी वर टोपीची घडी आली पाहिजे, कारण गांधी टोपीत वरच्या बाजूला हवा असते, पण तो पोकळपणा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचाच. टोपीच्या वर आणि बाजूला जे केस उरले ते `Clone Stamp` ने पार्श्वभूमी भरून काढले. कानावरचे केस मात्र ठेवले, टोपीखालून थोडे केस दिसले नाहीत तर माणूस टक्कल केलेला वाटतो.

आता कड. टोपीची खालची कड म्हणजे डोक्याभोवतीची एक रिंग, आणि रिंग तिरकी बघितली की लंबवर्तुळ दिसते. हनुवटी खाली असेल तर आपण ती रिंग वरून बघतो, म्हणून कपाळावरचा भाग खाली झुकतो आणि कानांकडे कड वर चढते, वाटीच्या तळासारखी. हनुवटी वर असेल तर उलट, कमानीसारखी. आबांची कड वाटीसारखी हवी. भुवयांच्या वर दोन बोटं आणि जवळच्या कानाच्या वर एक बोट, या दोन खुणा करून त्यातून वाकलेली रेघ आधी वेगळ्या लेयरवर काढा, चष्म्याच्या काडीचा चढ आणि या रेघेचा चढ एकमेकांशी जुळतोय का बघा. एकाच डोक्यावरच्या दोन वस्तू आहेत, काडी वर चढतेय आणि टोपीची कड सपाट, असं असेल तर दोन्हीपैकी एक चुकलंय. टोपीचं पुढचं टोक नाकाच्या मधल्या रेघेच्या वर यायला हवं, चेहऱ्याच्या मध्यावर नाही. वळलेल्या चेहऱ्यात या दोन वेगळ्या जागा असतात.

पांढरा रंग आबांच्या शर्टाच्या कॉलरवरून घ्यायचा. जुन्या प्रिंटमध्ये ती कॉलर पिवळट क्रीम रंगाची झालेली, आणि नातवाची टोपी ट्यूबलाइटसारखी पांढरीशुभ्र. `Curves` मध्ये निळा थोडा खाली, लाल किंचित वर, आणि सर्वांत उजळ टोक खाली आणलं. कपाळावर कडेखाली सावली, चष्म्यासारखीच, टेकते तिथे गडद, दोन-तीन मिलिमीटरमध्ये विरणारी. कापडाची कड घामाने आणि वापराने थोडी मऊ असते, ती मास्कच्या कडेला अर्धा पिक्सेल `Feather` देऊन आणली.

झालं असं वाटल्यावर `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून बघतो. तासन्‌तास एकच चेहरा बघून डोळा सरावतो, उलटा केला की वाकडेपणा लगेच टोचतो. उलट्या फोटोत पलीकडची काच अजून जरा रुंद वाटली, ती चार पिक्सेल आत घेतली. मग पूर्ण फोटो छोटा करून, मोबाइलवर अंगठ्याएवढा, एकदा बघितला. तिथे चष्मा आधी दिसत असेल आणि माणूस नंतर, तर सावली किंवा काळेपणा जास्त झालाय.

आजींना टॅबवर दाखवला. चष्मा पास. टोपीकडे बघून म्हणाल्या, हे एवढे सरळ टोपी घालणारे नव्हते, डाव्या कानावर जरा ओढलेली असायची. त्यांचा डावा कान म्हणजे फोटोत पलीकडचा, वळणामुळे झाकलेला. टोपी त्या बाजूला तीन अंश फिरवली, जवळच्या कानाशी कड थोडी वर गेली, तिथे उघडे पडलेले केस मास्कमधून परत आणले, कपाळावरची सावली त्याप्रमाणे हलवली आणि 12 बाय 17 ची प्रिंट टाकली.